मार्चअखेर, चाँदरात आणि रजेचा अर्ज

२०२५ सालचा मार्च महिना हिशेबाची कामे करणाऱ्या आपल्या मुलामुलींना बराच काळ आठवत राहील. त्या वर्षी भारतात पहिला रोजा २ मार्चला होता. म्हणजे २९ वा रोजा ३० मार्चला, रविवारी आला, आणि तोच गुढीपाडव्याचा दिवस होता. त्या संध्याकाळी चाँद दिसला तर ईद सोमवारी, ३१ मार्चला. नाही दिसला तर मंगळवारी, १ एप्रिलला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ३१ मार्च हा वर्षाचा शेवटचा दिवस आणि १ एप्रिल हा पहिला. बँकवाल्यांची गोष्ट याहून अवघड, कारण १ एप्रिलला ग्राहकांसाठी दार बंद असले तरी आत वार्षिक हिशेबाचे काम चालूच असते. ईद कोणत्याही दिवशी आली असती तरी रजा मागायला त्याहून वाईट दिवस सापडला नसता.

चाँद ३० ला दिसला आणि ईद ३१ मार्चला झाली. रमजान ईद ही सार्वजनिक सुट्टी आहे, हे खरे. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीतच कळवून ठेवले होते की, सरकारी पैशांची देवघेव करणाऱ्या बँक शाखा ३१ मार्चला उघड्या राहतील. त्या वर्षातले सगळे सरकारी व्यवहार त्याच वर्षाच्या हिशेबात यावेत, हे कारण होते. आयकर खात्याची कार्यालयेही २९ ते ३१ मार्च सुरू ठेवण्यात आली. आपल्यावरच हे ओढवले असे समजून काहींनी मनाला लावून घेतले. तसे ते नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी ३१ मार्च रविवारी आला होता, ख्रिस्ती बांधवांचा ईस्टर त्याच दिवशी होता, आणि त्या रविवारीही या शाखा उघड्याच होत्या. २०२६ मध्ये याच तारखेला महावीर जयंती. कोल्हापुरात व्यापारपेठेत आणि बँकांत जैन मंडळी किती आहेत हे सांगायला नको. तेव्हा प्रश्न कुणा एका समाजाचा नाही. सण तिथीने किंवा चंद्राने येतो, ताळेबंद इंग्रजी तारखेने येतो, आणि मधे नोकरदार माणूस सापडतो.

त्याने रजा कशी मागावी, आणि खरे सांगून कशी मागावी, याबद्दल आम्हाला लिहायचे आहे. आम्ही शाळेत मराठी शिकवतो. अर्जलेखनाचा धडा आला की वर्गातल्या चाळीस मुलांना एकदम ताप येतो. ‘सविनय अर्ज करतो की, काल रात्रीपासून मला ताप आल्यामुळे’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले आहे. मोठेपणी तेच वाक्य ऑफिसात जाते; फक्त तापाच्या जागी पाठदुखी येते किंवा गावाकडची आजी येते. ईदच्या दिवशी आजारी पडणारा मुसलमान कर्मचारी कुणालाही कळतो. साहेब काही बोलत नाही, पण पुढच्या वेळी त्या माणसाला खरोखर ताप आला तर तो ताप खोटा ठरतो. त्यातून कुणी खोटे वैद्यकीय सर्टिफिकेट जोडले, तर गोष्ट नुसत्या सवयीची राहत नाही, चौकशीची होते.

आधी एक गोष्ट तपासायची असते आणि ती बहुतेक जण तपासत नाहीत. आपल्या कामाच्या ठिकाणी ईद ही सुट्टी आहे की नाही? कॅलेंडरात लाल अक्षरात छापले म्हणजे प्रत्येक दुकानाला ते लागू होते असे नाही. दुकाने, शोरूम, खासगी कार्यालये यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. मार्च २०२५ मध्ये, दहा किंवा त्याहून जास्त माणसे जिथे काम करत होती, तिथे तो रजेच्या बाबतीत लागू होता. या कायद्याने वर्षाला सणांच्या आठ पगारी सुट्ट्या मिळतात. त्यातल्या चार ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायचे असते. वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे डिसेंबरात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्या चार सुट्ट्या गणपती, दसरा, दिवाळी अशा आपोआप धरल्या जातात. कुणी विचारत नाही म्हणून कुणी बदलत नाही. डिसेंबरात एकदा विचारले असते, तर मार्चमध्ये ईदसाठी हात जोडावे लागले नसते.

सुट्टी नसेल तर किरकोळ रजा उरते. याच कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, पण त्या तिमाहीला जमा होतात. म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात खात्यात दोनच असतात. रोजांच्या दिवसांत थकवा येतो म्हणून पहिल्या आठवड्यातच दोन्ही उडवल्या, तर ईदला हात रिकामे. सरकारी नोकरीत चौकट वेगळी. तिथे रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाची निकड असेल तर अधिकारी ती नाकारू शकतो. मात्र आपण जी रजा मागितली तिचा प्रकार तो आपल्या मनाने बदलू शकत नाही. एवढे माहीत असले तरी बोलताना सूर नीट राहतो. आपण भीक मागत नाही आणि धमकीही देत नाही.

आता एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमची एक माजी विद्यार्थिनी लक्ष्मीपुरीत धान्याच्या एका घाऊक दुकानात हिशेबाचे काम करते. दुकानात चौदा माणसे. ती, एक वयस्कर दिवाणजी आणि बाकी गोडाऊनवाले, हमाल, ड्रायव्हर. बिले कॉम्प्युटरवर तीच चढवते. मार्चच्या सुरुवातीलाच ती आमच्याकडे आली. तिच्या दुकानात ईदची सुट्टी नव्हती आणि मालक दरवर्षी फेब्रुवारीतच सांगून टाकत, ‘मार्चअखेरीला कुणी रजेचं नाव काढायचं नाही.’ घरच्यांनी तिला एक युक्ती सुचवली होती. मालकांना सांग, ईदची नमाज आहे, दिवसभर धार्मिक काम असते, त्यांना काय कळते?

ते आम्हाला पटले नाही आणि तिलाही पटले नव्हते, म्हणूनच ती आली होती. ईदची नमाज सकाळी असते. दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर ती होते हे साऱ्या कोल्हापूरला ठाऊक आहे, आणि नमाज आटोपून माणसे गळाभेट घेत घरी निघतात हेही सगळे पाहतात. लक्ष्मीपुरी तिथून हाकेच्या अंतरावर. शिवाय तिच्या घरातून नमाजला पुरुष जातात. ती जात नाही. तिचे खरे कारण वेगळेच होते. आई संधिवाताने बसलेली, वहिनी बाळंतपणाला माहेरी. शिरखुर्म्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत वीस-पंचवीस पाहुण्यांचे सारे तिच्या एकटीवर. आपल्या घरांत ईदच्या दिवशी बायकांची जी मोडतोड होते तिला आपण ‘काम’ म्हणत नाही, म्हणून ते अर्जात लिहायलाही संकोच वाटतो. आम्ही तिला म्हटले, हेच लिही. घरचा सण आहे, आणि घरात करणारी तू एकटी आहेस. हे कारण खरे आहे आणि कुठल्याही मालकाच्या घरात दिवाळीला हेच चालते, त्यामुळे ते त्याला समजेल.

पण कारण खरे असणे हा निम्मा भाग झाला. मालकाच्या डोक्यात कारण नसते, काम असते. ‘ही नसली तर माझे क्लोजिंग कसे होणार?’ याचे उत्तर अर्जात नसेल तर कारण कितीही खरे असो, तो नाहीच म्हणणार. म्हणून आम्ही तिला एका कागदावर मार्चअखेरची सगळी कामे लिहायला लावली आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारला: हे काम ३१ तारखेलाच व्हायला हवे, की ३१ तारखेपर्यंतचे व्हायला हवे? दोन्हीत मोठा फरक आहे. मार्चअखेरची निम्मी घबराट हा फरक न केल्यामुळे असते.

यादी लांब होती, पण ३१ तारखेलाच अडकलेली कामे तीनच निघाली. त्या दिवशी दुकान बंद होताना गल्ल्यातली रोकड मोजून लिहून ठेवणे. त्या दिवशीचे शेवटचे बिल कोणत्या क्रमांकाचे, हे नोंदवणे, कारण १ एप्रिलपासून नव्या वर्षाची बिलमालिका सुरू होते. आणि गोडाऊनमधला शिल्लक माल मोजणे. बाकीचे सगळे ३१ पर्यंतचे होते, पण नंतर बसून करण्यासारखे होते. बँकेच्या पासबुकाशी किर्द ताडून पाहणे एप्रिलमध्येच होते, कारण तेव्हा शेवटचे चेक वटायलाच दोन-चार दिवस जात. पार्ट्यांकडून बाकी कबूल करून घेण्याची पत्रे एप्रिलभर येत राहतात. मार्चच्या विक्रीचे जीएसटी विवरण ११ एप्रिलपर्यंत भरायचे असते, मार्चमध्ये कापलेला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत. मार्चमधली खरेदीची बिले मात्र आधीच चढवून टाकता येतात. ती ढिगाने पडून राहतात ती केवळ सवयीने.

राहिला माल मोजण्याचा प्रश्न. मालकांचा सगळा जीव त्यात होता. गोडाऊनची मोजणी ३१ च्या रात्रीच व्हायला हवी, असा दुकानाचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. पण मोजणी दोन दिवस आधी करून ३१ ची शिल्लक काढता येते, फक्त मधल्या दिवसांतले आलेले-गेलेले नीट लिहायला हवे. समजा, २९ तारखेला शनिवारी रात्री एका जातीच्या तांदळाची २४० पोती मोजली. नंतरच्या दोन दिवसांत ६० पोती आली आणि ३५ विकली गेली. तर ३१ ची शिल्लक २४० अधिक ६० वजा ३५, म्हणजे २६५. १ एप्रिलला दहा-पंधरा जातींची पोती पुन्हा मोजून पाहिली की आकडा बरोबर आहे की नाही ते कळते. याला मर्यादा आहे. ज्या दुकानात चिठ्ठीवर माल जातो आणि बिल दुसऱ्या दिवशी होते, तिथे हा हिशेब फसतो. म्हणून त्या दोन दिवसांत बिलाशिवाय एक पोतेही गोडाऊनबाहेर जाणार नाही, ही अट तिने स्वतःच अर्जात घातली.

दुसरी अडचण चाँदची. ‘तुमची ईद नक्की कधी ते तरी सांगा,’ असे साहेब लोक वैतागून म्हणतात आणि आपण अंदाजाने एक तारीख सांगून मोकळे होतो. मग चाँद दिसला नाही की दोन दिवसांची रजा होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा आधीपासूनच दोन दिवस मारणार होता. सरळ दोन्ही तारखा लिहाव्यात आणि कोणता दिवस हे कधी कळेल तेही लिहावे. महिना २९ चा किंवा ३० चा असतो, यापलीकडे तिसरी शक्यता नाही, हे समजावून सांगितले तर कुणालाही कळते.

तिने १० मार्चला दिलेला अर्ज थोडक्यात असा होता:

‘मा. मालक यांस, स. न. वि. वि. रमजान ईदनिमित्त मला एक दिवसाची किरकोळ रजा हवी आहे. ईद सोमवार ता. ३१ मार्च किंवा मंगळवार ता. १ एप्रिल या दोनपैकी एका दिवशी असेल. ता. ३० च्या रात्री चाँद कळताच मी आपणास फोन करीन. ईद नसेल त्या दिवशी मी पूर्ण वेळ कामावर असेन. मार्चअखेरची गडबड मला माहीत आहे, तरी हा दिवस पुढे-मागे करणे माझ्या हातात नाही. आईची तब्येत ठीक नसल्याने त्या दिवशी घरचे सर्व मलाच पाहायचे आहे, म्हणून संध्याकाळीही येता येणार नाही. ता. २७ पर्यंत आलेली खरेदीची सर्व बिले मी ता. २८ पर्यंत चढवून देईन. गोडाऊनची मोजणी ता. २९ च्या रात्री करावी, मी थांबेन. त्यानंतर बिलाशिवाय माल बाहेर जाऊ नये. ईद ता. ३१ ला आली तर रोकड मोजणी आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक दिवाणजी लिहून ठेवतील. त्यांच्याशी बोलले आहे, त्यांची संमती आहे. ईदनंतर कामावर आल्यावर त्या नोंदी मी ताडून पाहीन.’

या अर्जातले एक वाक्य तिला काढून टाकायचे होते: ‘संध्याकाळीही येता येणार नाही.’ तिला वाटत होते, ‘जमल्यास संध्याकाळी येईन’ असे लिहिले तर मालक खूश होतील. आम्ही विचारले, जमेल का? ती हसली. वीस पाहुण्यांनंतर भांडीच रात्री नऊला आवरतात. मग जे जमणार नाही ते लिहायचे कशाला? त्या ‘जमल्यास’वर भरवसा ठेवून मालक दिवाणजींना घरी पाठवून देतील आणि रोकड मोजायला कुणीच उरणार नाही. रजा मागताना खोटे कारण देणे सगळ्यांना दिसते. रजा मिळावी म्हणून खोटे आश्वासन देणे सहसा कुणाला दिसत नाही, आणि नुकसान जास्त त्यानेच होते.

दिवाणजींशी आधी बोलणे हेही तिचेच डोके. पुष्कळ जण अर्जात परस्पर लिहून टाकतात की ‘माझे काम अमुक पाहतील’, आणि त्या अमुकला ते साहेबांकडून कळते. तिने दिवाणजींना विचारले, ‘काका, ईदला तेवढं गल्ल्याचं कराल का?’ त्यांनी होकार दिला, पण रविवारी पाडव्याच्या पूजेनंतर लवकर घरी जाण्याची सूट मागितली. पाडव्याला दुपारनंतर दुकान तिने सांभाळायचे ठरले. असे ठरले की ते उपकार राहत नाहीत, देवाणघेवाण होते.

मालकांनी अर्ज दोन दिवस तसाच ठेवला. मग बोलावून विचारले, ‘मोजणी आधी केली आणि घोळ झाला तर?’ तिने तांदळाचे वरचे गणित कागदावर मांडून दाखवले. त्यांनी हिशेबाच्या सीएंना फोन लावला, त्यांनीही चालेल म्हटले, मात्र मोजणीच्या कागदावर तारीख, वेळ आणि मोजणाऱ्या दोघांच्या सह्या हव्यात असे बजावले. मग मालकांनी अर्जावर सही केली आणि म्हणाले, ‘आधी सांगितलंस म्हणून. ऐन वेळी आली असतीस तर दिली नसती.’ आम्हाला हे उत्तर प्रामाणिक वाटले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. ईद ३१ ला आली. १ एप्रिलला ती कामावर गेली, निवडक माल पुन्हा मोजला तर गव्हाची चार पोती कमी. मालकांचा चेहरा बदलला. तिने ३० आणि ३१ ची हाताने केलेली बिलबुके काढली. ३० च्या संध्याकाळचे चार पोत्यांचे एक बिल फाडलेले होते, पण कॉम्प्युटरवर चढवायचे राहिले होते. बिल मार्चचेच होते, मार्चच्या विक्रीत चढवले आणि आकडा जुळला. यात वीस मिनिटे गेली. मोजणी ३१ च्या रात्री घाईत झाली असती तर ही चार पोती कदाचित वर्षभर ‘तूट’ म्हणून दिसत राहिली असती, असे तिचे म्हणणे. त्यावर मालक काही बोलले नाहीत.

बँकेत काम करणाऱ्यांना यातले काही गोष्टी बदलून घ्याव्या लागतील. तिथे तिजोरीची चावी दोघांकडे असते, आणि ज्याच्याकडे चावी आहे त्याने नुसता अर्ज देऊन भागत नाही. ज्याच्याकडे ती जाणार त्याच्या ताब्यात रीतसर नोंद करून द्यावी लागते. ३१ मार्चला शाखा उघडी राहणार हे तर फेब्रुवारीतच कळले होते. शाखेत दोघे-तिघे मुस्लिम कर्मचारी असतील, तर त्यांनी वेगवेगळे तीन अर्ज देण्याआधी आपसात बसून ठरवावे. एकाच काउंटरवरचे सगळे एकदम गेले तर व्यवस्थापक कुणालाच सोडू शकणार नाही. सकाळची नमाज पढून उशिरा येण्याची परवानगी एकाला पुरेशी असेल आणि दुसऱ्याला पूर्ण दिवस हवा असेल, तर ते तसेच सांगावे. सगळ्यांनी एकच कारण लिहायची गरज नाही.

रमजान ईद आता मार्चअखेरीपासून दूर सरकली आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, त्यामुळे ती पुन्हा याच तारखेच्या आसपास यायला तीसेक वर्षे लागतील. पण बकरी ईद मागे सरकत येत आहे. २०२५ मध्ये ती ७ जूनला होती. याच चालीने २०३१ मध्ये ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येईल आणि २०३२ मध्ये मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तिच्याबरोबर हजही येईल. हज कमिटीतर्फे जाणाऱ्यांचा प्रवास साधारण चाळीस दिवसांचा धरला, तर बँक, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना यांच्या हिशेब खात्यातला माणूस ऐन मार्च-एप्रिलमध्ये महिनाभराहून अधिक गैरहजर असेल. तिथे एका दिवसाचा अर्ज आणि दिवाणजींची एक संध्याकाळ पुरणार नाही. हजचे अर्ज बरेच महिने आधी भरले जातात आणि निवडही बरीच आधी कळते. ज्याच्या मनात २०३१ चा हज आहे त्याने २०३० च्या मार्चअखेरीस आपल्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवून एक पूर्ण क्लोजिंग दाखवून ठेवावे, आणि अर्जित रजा आतापासूनच साठवायला लागावे.